बोलणं थांबलं की संपलं?

आजचा भाग फोनच्या एका सवयीबद्दल. आपण बोलतो, फोन टाइप करतो, आणि मध्येच माइक बंद होतो. आपलं बोलणं तर अजून बाकी असतं! मी पॉडकास्टचं लिखाण करते, त्यामुळे असे अर्धवट मजकूर माझ्याकडे सारखे येतात. ते का तुटतात, आणि मुख्य म्हणजे तुटलेत हे ओळखायचं कसं, ते आज बघू.

आधी सॉफ्टवेअरची बाजू. तुमचं बोलणं संपलं हे त्याला कोणी सांगत नाही, त्याला अंदाज बांधावा लागतो. प्रत्येक शब्दानंतर ते शांतता मोजत बसतं. किती वेळ थांबायचं, यावर सगळा खेळ. ‘सहाचा गजर लाव’ म्हटल्यावर फोन पाच सेकंद गप्प राहिला, तर तुम्ही वैतागाल. आणि त्याने फार घाई केली, तर आठवून आठवून बोलणाऱ्या माणसाचं वाक्य तुटेल.

काल्डी नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचे नियम उघडे असल्यामुळे आपल्याला वाचता येतात. मूळ सेटिंगमध्ये ते असे आहेत: अजून एकही शब्द ऐकू आला नसेल, तर 5 सेकंद वाट बघायची. शब्द आलेत आणि वाक्य छान पूर्ण झाल्यासारखं वाटतंय, तर फक्त अर्धा सेकंद. थोडंफार पूर्ण वाटत असेल, तर 1 सेकंद. आणि वाक्य कितीही लटकलेलं असो, 2 सेकंद शांतता झाली की संपलं म्हणायचं.

आता हे एका उदाहरणावर लावून बघू. समजा, एक आजी सांगतायत:

‘आमचं घर तेव्हा कोयनेकाठी होतं.’ इथे त्या 1.4 सेकंद थांबल्या. ‘पण धरण झालं आणि...’ इथे 2.6 सेकंद. ‘...आम्ही तिथून उठलो.’

‘आणि’वर कुठलंही वाक्य संपत नाही, हे आपल्याला कळतं. पण 2.6 सेकंद म्हणजे दोनच्या पुढे, म्हणून तिथे तुकडा पडणारच. आणि खरं तर गाडी तिथवर पोचतच नाही. ‘होतं’ला वाक्य पूर्ण वाटतं, त्यामुळे अर्ध्या सेकंदातच निकाल लागतो. एका दमात एकच वाक्य घेणारं ॲप असेल, तर ते तिथेच माइक बंद करतं. हातात काय उरतं? ‘आमचं घर तेव्हा कोयनेकाठी होतं.’

खरी गोम इथेच आहे. हे वाक्य तुटलेलं दिसतच नाही! ‘आणि’वर तुटलं असतं, तर वाचणाऱ्याला निदान शंका तरी आली असती. इथे व्याकरण शाबूत आहे, फक्त धरण गेलं आणि घर सुटल्याचंही गेलं. माणूस जड गोष्ट सांगण्याआधीच जास्त थांबतो, त्यामुळे नेमकी तीच गळते.

म्हणून मजकूर वाचून समाधान मानू नका, वेळ तपासा. रेकॉर्डिंग चार मिनिटांचं आणि शेवटच्या शब्दाची वेळ सातवा सेकंद असेल, तर आवाज शाबूत आहे, फक्त मजकूर लवकर थांबलाय. अशा वेळी तीच फाइल पुन्हा चालवता येते. पण रेकॉर्डिंगच सात सेकंदांचं असेल, तर माइकच बंद झाला होता. मग पुढचं कुठूनही परत येत नाही.

उपाय साधा आहे. मुलाखत कीबोर्डवरच्या माइकच्या बटणावर घेऊ नका, तिथे बहुतेक वेळा आवाज आपल्याकडे उरतच नाही. आधी फोनच्या साध्या रेकॉर्डरवर सगळं बोलणं घ्या, मग ती फाइल मजकुरात बदला. तिथेही शांततेवर तुकडे पडतील, पण पुढचा तुकडा लगेच सुरू होतो, हरवत काही नाही.

तुमच्यापैकी कोणी ॲप बनवत असेल, तर दोन गोष्टी. ब्राउझरच्या आवाज ओळखण्याच्या सोयीत `continuous` हे मुळात `false` असतं, ते `true` करा. अँड्रॉइडवर शांततेची मर्यादा मिलिसेकंदांत मागता येते, पण आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर ती पाळेलच असं नाही, हे त्यांच्याच माहितीपत्रात लिहिलंय. म्हणून मूळ आवाज नेहमी जपून ठेवा.

आणि मर्यादा वाढवून सगळं सुटेल असंही नाही. ती 4 सेकंद केली, तर आजींचा 2.6 सेकंदांचा थांबा वाचेल, पण त्या डोळे पुसायला 5 सेकंद थांबल्या तर पुन्हा तेच. मनातलं वाक्य संपलं की नाही, हे शांतता मोजून कळत नाही.

एखादी जुनी मुलाखत मजकुरात करून ठेवली असेल, तर आज शेवटच्या शब्दाची वेळ बघाच. भेटू पुढच्या भागात!