ऑक्टोबरचा अहवाल, सप्टेंबरचे आकडे

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. अशा धरणाचा पाऊस, पातळी आणि विसर्ग यांचा मासिक अहवाल आपोआप ईमेलने जावा, म्हणून कुणी एक प्रोग्राम लावला आहे असं समजू. दर महिन्याच्या १ तारखेला रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी तो सुरू होतो. त्याला दिलेली सूचना एवढीच, की मागच्या महिन्याचे आकडे काढ आणि पाठव.

१ नोव्हेंबरला मेल येते. विषयात ‘ऑक्टोबर’ लिहिलेलं असतं, पण आत आकडे सप्टेंबरचे असतात. कुठे लाल खूण नाही, चूक झाल्याचा संदेश नाही. मेल वेळेवर पोहोचलेली असते.

घडतं ते असं. आपली भारतीय वेळ जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. माहिती साठवणारा सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर लावलेला असतो. वेळापत्रक सांभाळणारा भाग मात्र भारतीय वेळ जाणतो, म्हणून काम बरोबर बारा-पाचला सुरू होतं आणि मेलचा विषयही तोच भाग लिहितो. मग तो डेटाबेसला मागचा महिना मागतो. डेटाबेस आधी आजची तारीख बघतो. त्याच्याकडे संध्याकाळचे सहा वाजून पस्तीस मिनिटं झालेली असतात आणि तारीख ३१ ऑक्टोबर असते. ऑक्टोबरात उभं राहून मागचा महिना विचारला तर उत्तर सप्टेंबरच येणार. हिशोब त्याच्या जागी बरोबर आहे, फक्त तारीख उलटण्याआधी झाला.

ही चूक सापडत का नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तक्रार आली की कर्मचारी सकाळी दहा वाजता कार्यालयात येऊन तोच अहवाल पुन्हा काढतो आणि तो अचूक निघतो. कारण आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले की जागतिक वेळेतही तारीख बदललेली असते. चूक जगते ती मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळात, आणि तेव्हा तपासायला कुणी बसलेलं नसतं. शिवाय पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलेलं असेल, तर दोन्ही महिन्यांचा साठा जवळपास सारखाच दिसतो. संशय आला तर पावसाच्या रकान्यामुळे येतो. ऑक्टोबरात सप्टेंबरएवढा पाऊस कसा, असं एखादा जुना कारकून विचारतो. त्याने सप्टेंबरच्या मूळ नोंदी शेजारी ठेवल्या की आकडा न् आकडा जुळतो. तीच खरी खूण.

अशा वेळी घाईत एक उतारा केला जातो. ‘मागचा महिना’ काढून ‘चालू महिना’ लिहिलं जातं. बारा-पाचला ते जुळतंही. पण कधी वीज गेली आणि काम सकाळी सहाला सुरू झालं, की अहवाल नोव्हेंबरचा आणि जवळजवळ कोरा येतो. हा उतारा मूळ चुकीपेक्षा वाईट.

सिंचन वर्षाच्या टोकाला ही चूक महागात पडते. आपलं सिंचन वर्ष १ जुलै ते ३० जून. १ जुलैच्या मध्यरात्री ‘मागचं वर्ष’ मागितलं आणि डेटाबेसच्या लेखी अजून ३० जूनच असेल, तर एका महिन्याचा फरक पडत नाही, सबंध वर्ष मागे जातं. नुकतं संपलेलं वर्ष अहवालात नसतंच.

इलाज दोन पायऱ्यांचा आहे. पहिली म्हणजे वेळ सकाळी नऊनंतरची ठेवा. पावसासाठी तर ती हवीच, कारण हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला मोजलेला चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावावर लागतो. म्हणजे ३१ तारखेच्या सकाळी साडेआठनंतर पडलेला पाऊस १ तारखेच्या नोंदीत येतो. आपल्या महिन्याची हद्द कुठली, हे आधी ठरवून घ्यायला हवं.

पण नुसती वेळ बदलून भागत नाही. दुसरी पायरी अशी, की ‘मागचा महिना’ हे डेटाबेसला ठरवूच देऊ नका. ज्या वेळेसाठी काम लावलं आहे, तीच वेळ भारतीय वेळेनुसार धरून आधी दोन तारखा काढा, १ ऑक्टोबरपासून १ नोव्हेंबरच्या आधीपर्यंत, आणि त्या तशाच पुढे द्या. मग काम उशिरा चालो की दुसऱ्यांदा चालो, उत्तर बदलत नाही. तपासताना दुपारची वेळ घेऊ नका. प्रोग्रामला १ नोव्हेंबर, १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांची रात्रीची बारा-पाच ही खोटी वेळ देऊन पाहा.

आणि ज्यांच्याकडे असे अहवाल येतात त्यांना एक विनंती. पुढे पाठवण्याआधी मेलचा विषय वाचून थांबू नका, आतल्या तक्त्यातली पहिली आणि शेवटची तारीख पाहा. त्या दोन तारखा तक्त्यात नसतील, तर आजच त्या छापायला सांगा.