तिहाईतला धा
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आपल्या नव्या सभामंडपात आता भजन होणार, म्हणून आज एक लहानशी गोष्ट सांगतो.

एका गावात एक म्हातारे तबलजी होते. देवळातल्या भजनाला साथ त्यांचीच. पुढे बोटे थरथरू लागली, तेव्हा त्यांनी बारा वर्षांच्या नातवाला हाताशी घेतले. पोरगा हुशार, हात तयार. पण बूड एका जागी ठरेल तर शपथ! सप्ताह आठ दिवसांवर आला आणि यंदा तबल्यावर त्यालाच बसायचे होते.

अडले ते एका तिहाईपाशी. बोल होते 'तिटकत गदिगन धा'. हे तीनदा वाजवायचे आणि तिसरा धा बरोबर समेवर आणायचा. ताल त्रिताल, मात्रा 16. तिटकत एक मात्रा, गदिगन एक, धा एक. तीन त्रिक नऊ. म्हणून नवव्या मात्रेला, कालावर, तिहाई उचलली की शेवटचा धा सोळा मात्रा संपवून पुढच्या समेवर पडतो.

नातवाचा धा मात्र दरवेळी आधीच पडे. आजोबांची समेची टाळी अजून यायचीच असे.

"आबा, तुम्हीच हळू मोजता!" तो कुरकुरला आणि आणखी जोरात वाजवू लागला. चूक तशीच.

आजोबांनी तबला बाजूला सारला. "हात राहू दे. तोंडाने म्हण, मी मात्रा मोजतो."

पोराने अकराव्या मात्रेला धा म्हटला, आणि लगेच पुढचे तिटकत उचलले. आजोबांनी बोट धरले. "हा धा तू अर्धी मात्राच ठेवलास. दुसऱ्याचेही तेच केलेस. दोन अर्धे मिळून किती?"

"एक."

"तीच मात्रा कमी पडते. म्हणून तू सोळाव्यावरच येऊन बसतोस. बाळा, तुझे बोल चुकत नाहीत. धानंतरची जागा तू खातोस."

मग चार दिवस तबल्याला हात नाही. मांडीवर मात्रा मोजायची, तोंडाने बोल म्हणायचे, आणि धाचा 'आ' मात्राभर लांबवायचा. पाचव्या दिवशी तबला मिळाला, तोही संथ लयीत. लय वाढली की धा पुन्हा आखडे. आजोबा पुन्हा लय उतरवीत.

सप्ताहात पोराने तिहाई उचलली. दुसऱ्या धानंतर त्याचा हात क्षणभर थांबला, मग चालला. टाळकऱ्यांची सम आणि त्याचा धा एकदमच पडले. आजोबा एवढेच म्हणाले, "आता आला."

मंडळी, या मंडपातही एखादे पोर तबल्यावर बसेल आणि त्याचा धा आधी पडेल. त्याला हसू नका. जवळ बसवून धानंतरची अर्धी मात्रा मोजून दाखवा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. रामकृष्ण हरी.