३१ मार्चची शिल्लक चटणी

मी पन्हाळा तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघते. आमच्या दहा जणींच्या गटात एका चुकीच्या आकड्यानं भांडण लागलं होतं, ते आज सांगते.

आम्ही कांदा-लसूण चटणी करून विकतो. त्या वर्षी विक्री झाली १,२०,००० रुपये. आधीच्या वर्षीचा शिल्लक माल आणि वर्षभराची मिरची, मसाले, कांडपाची मजुरी मिळून खर्च १,००,०००. पण ३१ मार्चला ५० किलो चटणी डब्यांत शिल्लक होती. तिचा खर्च या वर्षीच्या विक्रीवर टाकायचा नसतो, म्हणून तो वजा करतात.

चूक इथंच झाली. चटणी करायला किलोला ३०० रुपये पडले होते, म्हणजे शिल्लक माल १५,०००. आम्ही विक्रीचा दर ५०० धरून २५,००० लिहिले. नफा ३५,००० व्हायला हवा होता, तो ४५,००० दिसला. प्रत्येकीनं साडेचार हजार वाटून घेतले.

पुढच्या वर्षी विक्री वाढून १,४०,००० झाली, तरी नफा आला फक्त ३०,०००. "विक्री वाढली, मग पैसे गेले कुठं?" म्हणून सगळ्या रोख सांभाळणाऱ्या वहिनींकडं बघायला लागल्या. वहिनी रडकुंडीला आल्या. पण रोकड वही आणि बँकेचं पासबुक रुपयालाही चुकत नव्हतं.

मग जुना मालाचा कागद काढला. मागच्या वर्षाचा शेवटचा माल हाच नव्या वर्षाचा सुरुवातीचा माल असतो. तो १५,००० ऐवजी २५,००० धरला गेला, म्हणून खर्च १०,००० नं फुगला. खरा नफा होता ४०,०००. दोन्ही वर्षांची बेरीज केली तर ती ७५,०००च येते, खरी धरा नाहीतर चुकीची. आधी वाढलेले दहा हजार नंतर कमी झाले, एवढंच.

मग बिघडलं काय? मधल्या काळात एक काकी गट सोडून गेल्या, त्या हजार रुपये जास्त घेऊन गेल्या. त्यांच्या जागी नवी सून आली, तिला चार हजारांऐवजी तीनच मिळाले. हिशेब आपोआप सरळ झाला, पण वाटलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. आणि दुसऱ्या वर्षीही माल विक्रीच्या दरानं लिहिला असता, तर ही चूक झाकली जाऊन आणखी पुढं गेली असती.

आता ३१ मार्चला दोघी मिळून डबे वजन करतात आणि पडलेला दर लावतात. माल खराब होऊन त्याहून कमी भावानं जाणार असेल, तर तो कमी भाव. कागदावर दोघींच्या सह्या होतात. नफा वाटण्याआधी तो कागद बैठकीत मोठ्यानं वाचतो.

वहिनी अजून रोख सांभाळतात.