40 सेकंद, तीन नवऱ्या

मी इंदूरला सलून चालवते आणि लग्नसराईत नवरीचे मेकअप करते. आज एकाच गोष्टीबद्दल बोलते: पॅकेजची रील अशी कशी लिहायची, की ती बघून आलेल्या मुलीला आरशातही तेच दिसेल.

रील बघणारी सावळी मुलगी किंमत नंतर बघते. आधी शोधते, 'माझ्यासारखी कुणी आहे का? आणि असली, तर तिला गोरी करून टाकलीय का?' पटकथा या प्रश्नापासून लिहायला घ्यायची.

म्हणून पहिलं ठरवायचं, कोणती नवरी कोणत्या पॅकेजमध्ये दाखवायची. आमची पॅकेजं 7,000, 14,000 आणि 25,000 रुपयांची. गोरी मुलगी 25,000च्या आणि सावळी 7,000च्या पॅकेजमध्ये दाखवली, तर आपण न बोलता सांगतो की जास्त पैसे दिले की रंग उजळतो. म्हणून मी गोरी 7,000मध्ये, गव्हाळ 14,000मध्ये आणि सावळी 25,000मध्ये घेतली. पुढच्या रीलला हा क्रम बदलायचा.

आता पटकथा.

0 ते 4 सेकंद: स्क्रीनचे तीन भाग, तिघींचे मेकअपशिवायचे चेहरे. आवाज: "तीन रंग, तीन बजेट. फिल्टर एकही नाही."

4 ते 34 सेकंद: प्रत्येकीला 10 सेकंद. 3 सेकंद आधीचा चेहरा, 3 सेकंद मेकअपमधली एकच कृती, 4 सेकंद तयार नवरी. खाली किंमत आणि त्यात काय मिळतं ते. 7,000मध्ये मेकअप आणि साधी हेअरस्टाइल. 14,000मध्ये ट्रायल आणि साडी नेसवणंही. 25,000मध्ये त्याशिवाय दुसरा लुक, आणि टचअपसाठी आमची मुलगी कार्यालयात थांबते.

34 ते 40 सेकंद: तिघी, मेकअपनंतर सहा तासांनी. आवाज: "शेड जुळवणं तिन्ही पॅकेजमध्ये सारखंच."

हे शेवटचं वाक्य खरं ठरवायला काय करावं लागतं, ते सावळ्या नवरीवरून सांगते. तिची आई म्हणाली, "ताई, जरा उजळ करा हं." मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि मुलीच्या जबड्यावर फाउंडेशनचे तीन पट्टे मानेपर्यंत ओढले. दहा मिनिटं थांबलो, कारण काही फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात. सगळ्यात उजळ पट्टा राखाडी दिसायला लागला. फिकट शेडमध्ये पांढरं रंगद्रव्य जास्त असतं, ते सावळ्या त्वचेवर राखेसारखं दिसतं. मधला पट्टा कुठे सुरू होतो तेच कळेना. तीच तिची शेड. आई म्हणाल्या, "हो गं, हीच बरी."

ही परीक्षा हळदीच्या आधी करायची. हळदीची पिवळी झाक अंगावर राहते आणि शेड चुकते. ज्यांच्या पॅकेजमध्ये ट्रायल नाही, त्यांनाही मी यासाठी पंधरा मिनिटं बोलावते.

तिच्या ओठांभोवती आणि डोळ्यांखाली काळपटपणा होता. तिथे फाउंडेशनआधी केशरी करेक्टरचा पातळ थर लावला. रीलमधली तिची 3 सेकंदांची कृती हीच. अशी त्वचा असलेल्या मुलीला तेवढ्यावरून कळतं की इथे काळपटपणा झाकतात, रंग बदलत नाहीत.

तयार नवरीच्या शॉटमध्ये चेहरा, कान, मान आणि खांदा एकाच फ्रेममध्ये हवेत. चेहरा मानेपेक्षा उजळ असेल, तर इथे लगेच पकडला जातो.

राहिला कॅमेरा. फोन ऑटोवर असला की गडद चेहरा आपणहून उजळ करतो, मग तुमचा मेकअप कितीही प्रामाणिक असो. म्हणून ब्यूटी मोड बंद, मागचा कॅमेरा, पडदे ओढलेले आणि एकच एलईडी लाइट ठरलेल्या अंतरावर. प्रो मोडमधले आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्सचे आकडे कागदावर लिहून ठेवायचे आणि आधीच्या व नंतरच्या शॉटला तेच लावायचे. फ्रेमच्या कोपऱ्यात पांढरा नॅपकिन ठेवते. आधी तो निळसर आणि नंतर पिवळसर दिसला, तर उजेड बदललाय. ती क्लिप मी वापरत नाही.

सहा तासांनंतरचा शॉट मात्र कार्यालयातल्या दिव्यांत होतो. तिथे रंगाची तुलना करता येत नाही, मेकअप टिकला की नाही एवढंच दिसतं. म्हणून त्यावर "कार्यालयातला उजेड" असं लिहायचं. नाकाच्या बाजूला थोडा मेकअप फाटलेला दिसला, तरी तो कापायचा नाही. सहा तासांत कुणाचाही थोडा फाटतोच.

आणि मेकअपशिवायचा चेहरा दाखवायला नवरीची लेखी परवानगी घ्या, शूटिंगच्या आधी. ती नाही म्हणाली, तर दुसरी नवरी शोधायची. फक्त नंतरचा चेहरा दाखवून ही रील होत नाही.