रीलची पोहोच घसरली तर

समजा, तारकर्लीतल्या एका होमस्टेची रील इन्स्टाग्रामवर एरवी पाच हजार जण बघतात आणि अचानक आठशेच दिसू लागले. अशा वेळी आधी रीलचे Insights उघडा. बघणाऱ्या फॉलोअर्सचा आकडा तेवढाच राहून फक्त बाहेरचे प्रेक्षक आटले असतील, तर शिफारस थांबल्याचा संशय घ्यावा. मग सेटिंग्जमध्ये Account Status पाहा. एखाद्या पोस्टमुळे शिफारस अडली असेल, तर ती पोस्ट तिथे दिसते. ती बदला, काढून टाका किंवा फेरतपासणी मागा. तिथे सगळं ठीक असेल, तर ऋतू बघा. पावसाळ्यात मालवणची स्कूबा आणि किल्ल्याची होडी बंद असते, शोधणारेही घटतात. म्हणून जुलैची तुलना मेशी नको, गेल्या जुलैशी करा.