कागदं आपली, कपाट त्यांचं : कोर्स सोडला आणि ओरिजिनल अडकले

आजचा भाग हिंजवडी फेज टूमधल्या माझ्या रूमवरून, त्यामुळे मध्येच डंपरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आज माझाच एक किस्सा सांगते. बीटेकनंतर दोन वर्षं नोकरी केली आणि मग एका खाजगी विद्यापीठात एमटेकला ॲडमिशन घेतली. नाव घेत नाही, मुद्दा नावाचा नाहीये. ॲडमिशनच्या दिवशी काउंटरवर दहावी-बारावीची मार्कशीट, बीटेकच्या सगळ्या मार्कशीट, डिग्री आणि एलसी, सगळं ओरिजिनल जमा करून घेतलं. मीही दिलं, कारण रांगेतले सगळेच देत होते.

अडीच महिन्यांनी घरची आर्थिक गणितं बदलली आणि मी कोर्स सोडायचं ठरवलं. हिंजवडीतल्या एका कंपनीची ऑफर हातात होती. जॉइनिंगच्या दिवशी ओरिजिनल दाखवायचे होते. कागद मागायला गेले, तर काउंटरवरचे सर म्हणाले, "मॅडम, उरलेल्या तीन सेमिस्टरची फी भरा आणि घेऊन जा. सीट रिकामी राहिली ना आमची."

बाबा म्हणाले, "कर्ज काढून भरून टाकू." मी म्हटलं, आधी नियम वाचू.

यूजीसीने ऑक्टोबर 2018 मध्ये फी परतावा आणि ओरिजिनल कागदपत्रांबद्दल अधिसूचना काढली आहे. त्यात स्पष्ट आहे, की संस्थेने ओरिजिनल तुमच्यासमोर तपासायचे आणि लगेच परत द्यायचे. स्वतःकडे ठेवायच्या त्या फक्त तुम्ही सही केलेल्या झेरॉक्स.

त्याच अधिसूचनेत फीचं कोष्टकही आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांच्या आत सोडलं तर 80 टक्के फी परत, 16 ते 30 दिवसांत सोडलं तर 50 टक्के, त्यानंतर शून्य. मी शून्यात बसत होते. म्हणजे भरलेली फी गेली, ते मान्य. पण पुढच्या तीन सेमिस्टरच्या फीसाठी माझी डिग्री कपाटात ठेवता येत नाही.

इथेच माझी पहिली चूक झाली. पहिल्या अर्जात मी फी परत मागितली आणि कागदंही मागितली. उत्तर आलं, "फीचा विषय अकाउंट्सकडे प्रलंबित आहे." झालं, कागदं पण प्रलंबित! म्हणून लक्षात ठेवा : फीचा अर्ज वेगळा, कागदांचा अर्ज वेगळा.

दुसरा अर्ज कुलसचिवांच्या नावाने, फक्त कागदांसाठी केला. ॲडमिशनची तारीख, कोर्स सोडल्याची तारीख, जमा केलेल्या प्रत्येक कागदाचं नाव आणि सीट नंबर त्यात लिहिला. आवक विभागाने शिक्का द्यायला नकार दिला, म्हणून तोच अर्ज स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवला. तोंडी बोलण्याचा पुरावा नसतो, पावतीचा असतो.

आठ दिवस शांतता. मग विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे गेले. यूजीसीच्या 2023 च्या तक्रार निवारण नियमांत 'तक्रार' कशाला म्हणायचं याची यादी आहे. जो कोर्स विद्यार्थ्याला करायचाच नाही त्याची फी भरायला भाग पाडण्यासाठी कागदपत्रं अडवणं, हे त्या यादीत आहे. मी अर्जात तेच लिहिलं आणि "उरलेली फी भरा, मग घेऊन जा" असं सांगणारा ऑफिसचा ईमेल जोडला. तो ईमेल आधीच मागून घेतला होता : "किती रक्कम आणि कशासाठी, लेखी कळवा" एवढंच विचारलं होतं.

समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही मी तक्रार टाकली. पण एक खरं सांगते, पोर्टलवरची तक्रार फिरून त्याच विद्यापीठाकडे येते. तिचा उपयोग दबावापुरता. मूळ अर्ज नीट नसेल तर पोर्टल काही करू शकत नाही.

अकराव्या कामकाजाच्या दिवशी फोन आला, "येऊन घेऊन जा."

काउंटरवर एक छापील फॉर्म पुढे केला. त्यात बारीक अक्षरात 'उर्वरित फीची जबाबदारी मला मान्य आहे' असं होतं. मी ती ओळ खोडली आणि फक्त 'खालील मूळ कागदपत्रे मिळाली' एवढ्यावर सही केली. तिथेच एकेक कागद मोजला, तर सहाव्या सेमिस्टरची मार्कशीट गायब! ती दुसऱ्याच मुलाच्या फाइलमध्ये निघाली. न मोजता घरी आले असते, तर पुढे कोणी मानलं असतं?

एक मर्यादा सांगते. मेडिकलच्या सीट सोडण्याच्या बॉण्डचं प्रकरण वेगळं असतं, तिथे माझा अनुभव जसाच्या तसा लावू नका.

ॲडमिशनच्या रांगेत उभे असाल, तर ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. "सगळेच देतात" म्हणाले, तर जमा केल्याची कागदवार पोचपावती मागा. मी ती मागितली नव्हती. कुठला कागद कधी दिला, हे शेवटी मोबाइलमधल्या एका फोटोवरून सिद्ध करावं लागलं.

चला, डंपर आलाच. भेटू पुढच्या भागात!