मूळ संख्या, कुलूप आणि शाळेतला मसावि

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. नसेल तरी चालेल, आकडे लहानच आहेत.

८३ गुणिले ९७ किती? अर्ध्या मिनिटात उत्तर येईल, ८०५१. आता उलटा प्रश्न. समजा मी तुम्हाला फक्त ८०५१ दिली आणि विचारलं, ही कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार? तुम्ही दोनने भागून पाहाल, तीनने, पाचने, सातने. अशा बावीस मूळ संख्या फुकट जातील आणि तेविसावी, ८३, लागू पडेल. गुणाकार एक, भागाकार तेवीस. आजचा विषय या असमतोलाचा आहे.

मूळ संख्या म्हणजे एकाहून मोठी अशी संख्या, जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही नि:शेष भागत नाही. २, ३, ५, ७, ११ वगैरे. बाकीची प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते आणि एकाच प्रकारे बनते. ८०५१ चे ८३ आणि ९७ हेच मूळ अवयव, दुसरी जोडी असूच शकत नाही. याच खात्रीवर कुलूप उभं आहे.

ते कुलूप १९७७ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी मांडलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. छोट्या आकड्यांत करून पाहू. दोन मूळ संख्या घ्या, ५ आणि ११. गुणाकार ५५. हा ५५ आणि सोबत ३ हा घातांक मी जगजाहीर करतो. तुम्हाला मला ८ हा आकडा गुपचूप कळवायचाय. तुम्ही ८ चा घन करा, ५१२. त्याला ५५ ने भागा, बाकी उरते १७. हे १७ तुम्ही उघड्यावर पाठवा, वाटेत कोणी वाचलं तरी हरकत नाही.

मी ते उघडतो कसा? ५ आणि ११ मधून एकेक वजा करून गुणतो, ४ गुणिले १०, म्हणजे ४०. आता ३ ला अशा संख्येने गुणायचं की ४० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ती संख्या २७, कारण तीन सत्ते... नव्हे, तीन गुणिले २७ म्हणजे ८१, आणि ८१ म्हणजे दोनदा ४० अधिक १. हा २७ माझी खासगी किल्ली. १७ चा सत्ताविसावा घात घेऊन ५५ ने भागला की बाकी उरते बरोबर ८. घरी पडताळून पाहा. सत्तावीस वेळा गुणू नका, वर्ग करत जा, म्हणजे सतराचा वर्ग, त्याचा वर्ग, आणि प्रत्येक पायरीला ५५ ने भागून फक्त बाकी ठेवा.

यातली मेख ४० मध्ये आहे. ४० काढायला ५ आणि ११ वेगवेगळे माहीत हवेत. नुसता ५५ असेल तर आधी अवयव पाडा. ५५ चे कोणीही पाडेल. पण आज वापरतात ती संख्या ६१७ अंकी असते, प्रत्येकी सुमारे ३०९ अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. अशा मूळ संख्या सापडतात का, असं विचाराल. सहज सापडतात. त्या आकाराच्या विषम संख्यांत साधारण साडेतीनशेत एक मूळ असते. यंत्र एक विषम संख्या यादृच्छिक निवडतं, तपासतं, नसेल तर दुसरी घेतं. ही तपासणी अवयव न पाडताच होते, म्हणून झटपट होते. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे नक्की आणि व्यवहार्य पायऱ्यांत ठरवता येतं. त्यामुळे आरएसए मोडलं असं मात्र नाही. संख्या मूळ नाही हे कळणं वेगळं आणि तिचे अवयव हातात येणं वेगळं.

अवयव पाडणं किती अवघड? १९७७ मध्येच मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी संख्येचं आव्हान छापलं गेलं, बक्षीस शंभर डॉलर. अंदाज होता चार कोटी अब्ज वर्षांचा. १९९४ मध्ये इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी ती आठ महिन्यांत फोडली. संगणक वेगवान झाले होतेच, पण रीतही सुधारली होती. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. ६१७ अंकी अजून उभी आहे. मात्र ती फोडणं अशक्य आहे हे कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर शोर यांची १९९४ ची रीत तिला पुरून उरेल.

आता मला ज्यासाठी खरं तर बोलायचं होतं ती गोष्ट. कुलूप फोडायला नेहमी अवयव पाडावेच लागतात असं नाही.

समजा माझी जाहीर संख्या ८०५१ आहे आणि दुसऱ्या कोणाची ५९१७. आमच्या दोघांच्या यंत्रांनी चुकून एक मूळ संख्या सारखीच निवडलीय. तुम्हाला ना माझे अवयव माहीत, ना त्याचे. तुम्ही फक्त सहावी-सातवीतला मसावि काढा. ८०५१ ला ५९१७ ने भागा, बाकी २१३४. ५९१७ ला २१३४ ने भागा, बाकी १६४९. पुढे बाकी ४८५, मग १९४, मग ९७. आणि ९७ ने १९४ ला नि:शेष भाग जातो. मसावि ९७. माझं कुलूप ८३ गुणिले ९७, त्याचं ६१ गुणिले ९७. पाच-सहा भागाकारांत दोन्ही उघडली. ६१७ अंकी संख्यांनाही ही रीत डोळ्याचं पातं लवायच्या आत जमते.

हे कल्पनेतलं नाही. २०१२ मध्ये नादिया हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी, तसंच वेगळेपणाने अर्जेन लेन्स्ट्रा यांच्या गटाने, इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांचे एकमेकींशी मसावि काढले. हेनिंजर यांच्या पाहणीत सुरक्षित जोडणी देणाऱ्या दर दोनशे यंत्रांमागे सुमारे एकाची खासगी किल्ली अशी हाती आली. बहुतेक यंत्रं होती राउटर, फायरवॉल अशी लहान उपकरणं.

कारण साधं आहे. संगणक यादृच्छिकता बाहेरून गोळा करतो, कळफलक कधी दाबला, माउस कसा हलला, डिस्कला किती वेळ लागला यांतून. नव्या राउटरला ना कळफलक, ना माउस. पहिल्यांदा वीज मिळताच, हाताशी काही जमलेलं नसताना, तो किल्ली बनवायला बसतो. एकाच कारखान्यातून आलेली दोन उपकरणं मग पहिली मूळ संख्या तीच निवडतात. दरम्यान घड्याळाचा एखादा सेकंद पुढे सरकतो आणि दुसरी संख्या वेगळी येते. दोन्ही सारख्या आल्या असत्या तर किल्ल्याच तंतोतंत जुळल्या असत्या. एकच जुळली, म्हणून मसावि लागू पडला.

वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह तसंच राहतं, संख्याही तितक्याच अंकांची असते. दोष एका किल्लीत शोधून सापडतच नाही, इतरांच्या किल्ल्यांशेजारी ठेवली तरच दिसतो. लिनक्समध्ये २०१४ साली एक नवी सोय आली, जी पुरेशी यादृच्छिकता जमेपर्यंत यादृच्छिक संख्या मागणाऱ्या प्रोग्रामला थांबवून ठेवते. जुनी उपकरणं मात्र कोणी उठून बदलत नाही. किल्ली नव्याने बनवून घेता येते, पण त्यासाठी ती तिथे आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.